लग्नाच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला पत्नीविषयी चार ओळी: काही सुरक्षित सूचना

लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाल्यावर पत्नीबरोबरच्या छायाचित्राखाली चार ओळी लिहिण्याची वेळ आलीच, तर स्वतःचे डोके चालवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात कोणीतरी टाकलेला 'सुखदुःखाच्या प्रत्येक वळणावर साथ देणाऱ्या जीवनसंगिनीस' हा मजकूर जसाच्या तसा उचलावा. मात्र त्यातले नाव तेवढे बदलावे, कारण ते राहून गेले तर पुढचे वर्ष जड जाते. विनोदच करायचा असेल, तर जन्मठेपेचा आहेच. तो आजोबांच्या काळापासून चालत आलेला असल्याने कोणाला हसू फुटण्याचा धोका नाही.

मजकूर लांबलचक असावा. इन्स्टाग्राम २,२०० अक्षरांची मुभा देते, ती वाया का घालवावी? पहिल्या एकदोन ओळींनंतरचा भाग झाकलेला राहतो हे खरे. म्हणूनच त्या ओळी ईश्वरकृपेला आणि थोरामोठ्यांच्या आशीर्वादाला द्याव्यात. पत्नी तिसऱ्या परिच्छेदात आली तरी चालते.

गंगापूर रोडवर राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी यातले काहीही पाळले नाही. त्यांनी लिहिले: 'अठ्ठावीस वर्षांपूर्वी हिने उखाण्यात माझं नाव घेतलं, त्यानंतर आजवर "अहो"वरच भागवलं आहे. मिसळ खायला गेलो की "मला वेगळी नको, तुमच्यातलेच दोन घास घेते" म्हणते आणि अर्धी संपवते. पापड मात्र न विचारता माझ्या ताटात सरकवते.'

आता यातले दोष पाहा. पत्नीचे वजन, खरेदी, स्वयंपाक आणि माहेर या चारही हुकमी विषयांना यात स्थान नाही, त्यामुळे मेहुण्यांना रागावण्यासारखे काही उरले नाही. हा मजकूर दुसऱ्या कोणाच्या पत्नीला लावता येत नाही, म्हणजे पुढे पाठवण्याच्या दृष्टीने तो कुचकामी. शिवाय गृहस्थांनी पापड शेवटी ठेवला. तोच आधी आणि अर्धी मिसळ शेवटी घेतली असती, तर निदान खणखणीत तक्रार तरी झाली असती. पण पापड शेवटी आल्यामुळे आधीची सगळी कुरकुर लाडाची ठरली आणि अठ्ठावीस वर्षे जपलेली नवरेपणाची अब्रू सर्वांदेखत गेली.

आणखी एक प्रमाद म्हणजे टाकण्याआधी त्यांनी तो वहिनींना वाचून दाखवला. मूळ मसुद्यात वहिनींच्या घोरण्याविषयीही एक वाक्य होते. ते वहिनींनी तिथल्या तिथे काढायला लावले. आपण असे कधीही करू नये. आपण वाक्य तसेच ठेवावे आणि संध्याकाळी सासुरवाडीचा फोन येईपर्यंत शांतपणे शुभेच्छांचे आभार मानत बसावे.

'पापडाचं चारचौघांत सांगायची काय गरज होती?' असे वहिनी नंतर सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, आणि तोच मजकूर त्यांनी स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला. चोवीस तासांनी तो आपोआप गेल्यावर त्यांनी तो पुन्हा ठेवला.