ताईचे तास

“तुमच्या जर्मनीत म्हातारी माणसं होममध्ये टाकतात. त्यापेक्षा आपलं एकत्र कुटुंब बरं ना?” ठाण्याहून काकांनी विचारलं.

काका, जर्मनीत ज्यांना रोजच्या मदतीची गरज असते, त्या सातपैकी जवळजवळ सहा जणांचं घरीच होतं. माझ्या शेजारच्या बाई नवऱ्याचं सगळं करतात. अशा सेवेच्या खर्चासाठी इथे काळजी विमा असतो. त्या विम्याकडून माणूस आला, तो आजाराचं नाव विचारून थांबला नाही. ते स्वतः आंघोळ करतात का, जेवतात का, रात्री कुणाला उठावं लागतं का, हे त्याने बघितलं. मग मदतीची गरज किती यावरून तिसरी श्रेणी दिली, महिन्याला ५९९ युरो. बाईंनी नोकरीचे तास कमी केले, तर त्यांच्या पेन्शनचा हप्ताही विमा भरतो. त्यासाठी आठवड्यात निदान दोन दिवस मिळून १० तासांची सेवा लागते.

आता नौपाड्यातलं आपलं घर बघा. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. दादा त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर, ताई घोडबंदर रोडला, मी इथे. चुली चार. आय. पी. देसाई आणि अ. म. शहा या समाजशास्त्रज्ञांनी कधीच दाखवलंय की चूल वेगळी झाली म्हणून कुटुंब तुटत नाही. ते आमच्याकडेही खरं आहे. पण त्या एकत्रपणात आईची कूस बदलणारे हात एकट्या ताईचेच.

आया सकाळी आठला येते, रात्री आठला जाते, रोजचे ८०० रुपये. ते मी पाठवतो आणि आपला वाटा झाला असं समजत होतो. ताईने एक आठवडा वहीत वेळ लिहिला. रात्री दोनदा लघवीला उठवणं, गोळ्या, आयाच्या खाड्याचा दिवस, डॉक्टरांकडची रांग: ३१ तास. तिने क्लासची नोकरी सोडली. तिचं पेन्शन कोण भरणार?

आईवडिलांना सांभाळायला मुलांना भाग पाडणारा २००७ चा कायदा आपल्याकडे आहेच, असं तुम्ही म्हणाल, ते अर्धं खरं. आईवडील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागू शकतात, पण मूळ कायद्यात मर्यादा महिन्याला १०,००० रुपये. आयाचेच २४,००० होतात. आणि न सांभाळणाऱ्या मुलाशी भांडण होतं तेव्हाचा तो कायदा. सांभाळणाऱ्या मुलीला त्यात काही नाही.

जर्मनीतही रात्रीचा प्रश्न सुटलेला नाही. पुष्कळ घरांत पोलंड, रोमानियाच्या बायका येऊन राहतात. गावाकडे त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांना कोण बघतं, हे मला नीट विचारता आलेलं नाही.

हे दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे ताईला पगार द्यायचा?” ताई म्हणाली, “पगार राहू दे. महिन्यातल्या चार रात्री तू आईच्या खोलीत झोप.”

दादाने दोन शनिवार कबूल केलेत. मी दिवाळीनंतर सहा आठवडे येतोय. बाकीच्या रात्रींचं अजून ठरलेलं नाही.