हीलचे नाव उंचीवर ठरते की आकारावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

«हीलचे नाव उंचीपेक्षा आकारावर ठरते, असे सांगणारा आपला लेख वाचला, पण पटला नाही. दोन इंचांपर्यंतची हील म्हणजे किटन आणि चार इंचांची म्हणजे स्टिलेटो, इतके हे सरळ आहे. मग आकाराचा एवढा घोळ कशासाठी? आमच्या विट्यातल्या दुकानात पेन्सिल हील, बॉक्स हील आणि प्लॅटफॉर्म या तीन नावांवर सगळा व्यवहार चालतो आणि कोणाचे काही अडत नाही. किटन आणि कोन यांच्या फोटोंत तर मला काडीचाही फरक दिसला नाही. आणि दिसला, तरी त्याने काय बिघडते?» – एक वाचक, विटा

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. आपल्या म्हणण्यातील एक भाग बरोबर आहे आणि तो कोणता, हे पुढे येईलच. पण सुरुवात आपल्या शेवटच्या दोन वाक्यांपासून करावी असे वाटते, कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

माझ्या भाचीने सांगलीतील एका लग्नासाठी दोन जोड मागवले होते. दोन्हींच्या वर्णनात ‘किटन हील, दोन इंच’ असेच लिहिलेले होते आणि दोन्हींचे फोटो समोरून, जरा वरून घेतलेले होते. जोड घरी आल्यावर आम्ही ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणून बाजूने पाहिले, तेव्हा ते दोन निरनिराळे आकार असल्याचे लगेच दिसले. त्यानंतर मोजपट्टी घेतली. उंची दोन्हींची 5 सेंमी, म्हणजे साधारण दोन इंच. पादत्राणाच्या ज्या भागावर आपली टाच टेकते त्याला बैठक म्हणू. या बैठकीच्या लगेच खाली दोन्ही हीलची पुढून मागे रुंदी 4.6 सेंमी भरली. इथपर्यंत दोन्ही जोड सारखेच होते आणि वरून काढलेल्या फोटोत नेमका एवढाच भाग दिसतो. आपल्याला फरक दिसला नाही यात म्हणूनच नवल नाही. तो त्या फोटोत नव्हताच.

फरक खाली होता. पहिल्या जोडाची हील जमिनीला टेकते तिथे 1 सेंमी रुंद होती, दुसऱ्याची 1.4 सेंमी. हाही फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. मात्र हीलच्या बरोबर मध्यावर, म्हणजे जमिनीपासून अडीच सेंमीवर मोजल्यावर पहिल्या जोडाची रुंदी 1.6 सेंमी आली आणि दुसऱ्याची 3 सेंमी. या दोन आकारांची सगळी ओळख या मधल्या मापात आहे.

दुसऱ्या जोडात वरची रुंदी 4.6 आणि खालची 1.4, म्हणजे त्यांची सरासरी बरोबर 3. मध्यावरचे मापही तेवढेच येते, याचा अर्थ हीलची पुढची आणि मागची रेघ वरपासून खालपर्यंत सरळ उतरत एकमेकींकडे झुकत गेली आहे. मागून पाहिले, तर डावी आणि उजवी बाजूही तशीच सरळ निमुळती होते आणि उलटी करून पाहिले, तर खालचे टोक गोल दिसते. हा कोन. कुल्फीचा कोन टोक खाली करून धरावा तसा हा आकार असतो आणि त्याच्या कडांना कुठेही बाक नसतो.

पहिल्या जोडात सरासरी 2.8 सेंमी येते, पण मध्यावरचे प्रत्यक्ष माप 1.6 च आहे. म्हणजे ही हील बैठकीखाली आल्याबरोबर झपाट्याने आत वळते, वरच्या तिसऱ्या भागातच बारीक होते आणि मग जवळजवळ तशीच खाली उतरते. ही किटन. तिची आणखी एक खूण डोळ्यांनी पटकन टिपता येते. पादत्राणाच्या अगदी मागच्या कडेपासून एक दोरा सरळ खाली सोडला आहे अशी कल्पना करावी. किटनचे टोक त्या दोऱ्याच्या स्पष्ट पुढे, चवड्याच्या दिशेला पडते, कारण हील मागच्या कडेपासून जराशी आत बसवलेली असते. मागची रेघ त्यामुळे आत वळलेली दिसते. बसकी असूनही किटन नाजूक वाटते ती या वळणामुळे.

आता उंचीबद्दल. स्टिलेटो आणि किटन या दोन्ही बारीक हील आहेत आणि दोन्हींची बाह्यरेषा बरीचशी एकाच कुळातील आहे. या दोघींमधील सीमा सांगताना उंची पाहिली जाते. साधारण 5 सेंमीच्या खालच्या बारीक हीलला बहुतेक जण किटनच म्हणतील आणि 8 ते 10 सेंमीच्या बारीक हीलला कोणीही किटन म्हणणार नाही. आपले म्हणणे इथे पूर्णपणे लागू पडते. पण ते इथेच थांबते. पाच सेंमीची हील ब्लॉक, म्हणजे वरपासून खालपर्यंत सारखीच जाड, असू शकते, कोन असू शकते, टाचेपासून चवड्याकडे सलग भरीव असलेली वेजही असू शकते, आणि दहा सेंमीची हीलही या तिन्हींपैकी काहीही असू शकते. ‘चार इंच’ एवढेच सांगितले, तर समोरच्याला पाऊल किती उचलले जाईल हे कळते, ते कशावर टेकेल हे कळत नाही.

आणि बिघडते ते नेमके या टेकण्यात. चालताना क्षणभर जवळजवळ सगळा भार एका टाचेवर येतो. बाईचे वजन 60 किलो धरू. स्टिलेटोचे टोक बहुधा एक सेंमीहूनही कमी रुंद असते. ते 8 मिमी लांब आणि 8 मिमी रुंद धरले, तर क्षेत्रफळ 0.64 चौरस सेंमी होते आणि दर चौरस सेंमीवर सुमारे 94 किलो भार पडतो. ब्लॉक हीलचा तळ 4 सेंमी लांब आणि तेवढाच रुंद असेल, तर तोच भार 16 चौरस सेंमीवर पसरतो आणि दर चौरस सेंमीवर चार किलोंपेक्षाही कमी येतो. आता भाचीच्या त्या कोन जोडाकडे पाहा. त्याच्या 1.4 सेंमीच्या गोल टोकाचे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस सेंमी भरते, म्हणजे दर चौरस सेंमीवर सुमारे 39 किलो. कोन वरून भरदार दिसतो, त्यामुळे ‘ही जाडच हील आहे, हिरवळीवर चालेल’ असे वाटते, पण जमिनीच्या दृष्टीने तो ब्लॉकपेक्षा स्टिलेटोच्या अधिक जवळचा आहे. आपल्याकडील मंगल कार्यालयांच्या लॉनवर सकाळीच पाणी मारलेले असते आणि खाली बहुतेक ठिकाणी काळी माती असते. तिथे स्टिलेटो रुततेच, पण कोनही रुततो, आणि कोन घातलेली बाई बेसावध असल्यामुळे तिचाच पाय अधिक मुरगळण्याचा संभव असतो. त्या लग्नातील स्वागतसमारंभ लॉनवर होता, म्हणून भाचीने दोन्ही जोड आतल्या फरशीवरील कार्यक्रमांसाठी ठेवले आणि लॉनसाठी ब्लॉक हीलची सँडल घेतली.

ब्लॉकविषयी थोडक्यात सांगते, कारण तो ओळखणे सोपे आहे. त्याचे वरचे, मधले आणि खालचे माप जवळजवळ एकच असते. उलटी करून पाहिल्यास तळ चौकोनी दिसतो, क्वचित गोल किंवा अर्धगोलही असतो. अडचण येते ती खाली किंचित निमुळत्या होणाऱ्या ब्लॉकची. अशा वेळी मी एक ढोबळ मर्यादा पाळते: खालचे माप वरच्या मापाच्या निम्म्याहून कमी असेल, तर तिला ब्लॉक म्हणू नये. हा कोणत्याही कारखान्याचा नियम नाही, माझा स्वतःचा आडाखा आहे, पण हिरवळीवर आणि खडबडीत फरशीवर तो उपयोगी पडतो.

आपल्या दुकानातील तीन नावांना माझा विरोध नाही. ‘पेन्सिल हील’ हे नाव तर मला उत्तम वाटते. शिसपेन्सिल साधारण सात मिमी जाड असते आणि स्टिलेटोचे टोकही जवळपास तेवढेच असते, म्हणजे त्या नावातच माप आले. ‘बॉक्स’ म्हणजे ब्लॉक, हेही सर्वांना कळते. माझा आक्षेप फक्त ‘प्लॅटफॉर्म’ला आहे, कारण आपल्या भागात त्या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. प्लॅटफॉर्म म्हणजे चवड्याखालचा जाड तळ. वेज म्हणजे टाचेपासून चवड्याकडे सलग उतरत जाणारी हील, जिच्यात तळ आणि हील यांच्यामध्ये मोकळी जागाच नसते. बाजूने पाहताना पावलाच्या कमानीखालून पलीकडचा उजेड दिसला, तर ती वेज नव्हे. एखाद्या जोडात वेज आणि प्लॅटफॉर्म दोन्ही असतात, तर एखाद्यात चवड्याखाली जाड तळ आणि मागे चक्क पेन्सिल हील असते. अशा जोडाला नुसते ‘प्लॅटफॉर्म’ म्हटले, तर ऐकणारा हमखास फसतो.

वेजमधील ही भरीव जागा केवळ शोभेची नाही. इतर उंच हीलमध्ये कमानीखाली आधार नसतो, म्हणून तळाच्या आत पोलादाची एक पट्टी घालावी लागते. पट्टी कमकुवत असेल, तर पादत्राण मध्येच वाकते. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात इटलीत चांगल्या पोलादाचा तुटवडा होता, तेव्हा साल्वातोरे फेरागामो यांनी टाच आणि चवडा यांच्यामधील जागा बुचाच्या तुकड्यांनी भरून काढली. त्यातून आजची वेज रूढ झाली. स्टिलेटोची कथा नेमकी उलट आहे. इतकी बारीक हील नुसत्या लाकडाची केली, तर मोडते, म्हणून 1950 च्या दशकात तिच्या आत धातूची कांडी घालण्याची रीत आली आणि त्यानंतरच ती सर्वत्र पसरली. यातून खरेदीच्या वेळी करण्याची एक परीक्षा मिळते. बारीक हीलचा जोड सपाट काचेवर ठेवून बैठकीवर बोटाने बाजूंनी हलका दाब द्यावा. हील डुगडुगली, तर आतला आधार किंवा बैठकीशी असलेला जोड कच्चा आहे असे समजावे. वेजला ही परीक्षा लावण्याची गरज नसते.

आता आपल्या व्यवहाराकडे येऊ. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर जोड मागवताना दुकानदाराशी नावावरून वाद घालण्याची आवश्यकता नाही. त्यांच्याकडून तीन फोटो मागवावेत: एक जमिनीच्या पातळीवरून बाजूने, एक सरळ मागून आणि एक उलट्या जोडाच्या तळाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. बाजूच्या फोटोत कमानीखाली उजेड आहे का आणि मागची रेघ सरळ उतरते की आत वळते हे पाहावे, मागच्या फोटोत हीलच्या मध्यावरची जाडी पाहावी आणि तळाच्या फोटोत टोकाचे माप वाचावे. फोटो मिळणे शक्य नसेल, तर असे सांगावे: «उंची दोन इंच, वरपासून खालपर्यंत जाडी सारखी, खालचा तळ चौकोनी आणि किमान साडेतीन सेंमी रुंद, मध्ये मोकळी जागा असलेली, चवड्याखाली जाड तळ नको.» एवढे सांगितल्यावर दुकानदार तिला बॉक्स म्हणोत की ब्लॉक, हातात जोड तोच येईल.