सगळी कुलपं लावली आणि मीच बाहेर राहिलो

आमचं ऑफिस सांगलीत. टॅक्सची कामं, चार टेबलं, एक एसी (तो साहेबांच्या केबिनमध्ये), आणि कोपऱ्यात तो एक कॉम्प्युटर ज्याच्यात टॅली आहे. लॉकडाऊनमध्ये मी राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून तो कॉम्प्युटर घरून उघडायची सोय केली होती. स्टॅटिक आयपी घेतला, राऊटरला सांगितलं की रिमोट डेस्कटॉपच्या 3389 पोर्टवर कोण आलं तर थेट टॅलीवाल्या कॉम्प्युटरकडे पाठव, झालं. साहेबांनी चार लोकांत माझं कौतुक केलं, आणि मी पण सगळ्यांना असंच सांगत फिरलो की यात काय अवघड नाही, दहा मिनिटांचं काम.

मागच्या महिन्यात १९ तारखेला रात्री जीएसटीचं ३बी रिटर्न भरायला बसलो. उद्या शेवटची तारीख. घरून लॉगिन मारलं तर समोर मेसेज, अकाउंट लॉक झालंय, जरा वेळाने बघा. म्हटलं पासवर्ड चुकला असेल. दहा मिनिटं थांबलो, चहा प्यायलो, परत मारलं, परत लॉक. अजून एक चहा. रात्री एकपर्यंत माझे पाच चहा झाले आणि टॅली काही दिसलं नाही.

सकाळी ऑफिसात जाऊन मेहुण्याला फोन लावला. तो पुण्यात नेटवर्किंगमध्ये आहे आणि एरवी त्याला मी फक्त लग्नाचा मुहूर्त सांगायला फोन करतो. तो म्हणाला, दाजी, पहिलं राऊटरमधलं ते फॉरवर्डिंग बंद करा, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटीचा लॉग, 4625 नंबर शोधा. बंद केलं, उघडलं. 4625 म्हणजे लॉगिनचा फसलेला प्रयत्न, आणि ते इतके होते की स्क्रोल करून माझं बोट दुखायला लागलं. नावं वाचली तर Administrator, test, user, scanner, reception, आणि मधे मधे आमचं admin. हो, आमच्या अकाउंटचं नाव admin होतं. पासवर्ड काय होता ते इथे सांगत नाही, एवढंच सांगतो की त्यात गणपती होता आणि १२३ होतं.

मी म्हटलं, अरे पण कधीपासून चाललंय हे? लॉगमधली सगळ्यात जुनी नोंद बघितली तर परवाची. मला जरा बरं वाटलं, म्हटलं दोनच दिवस झालेत. मेहुणा हसला. त्या लॉगला मुळात वीस एमबी जागा असते, भरला की जुनं पुसून नवं लिहितो. म्हणजे ही मंडळी कदाचित लॉकडाऊनपासून रोज येत होती, फक्त आमच्याकडे हजेरीपट दोनच दिवसांचा होता. आमच्याकडे दहा पासवर्ड चुकले की अकाउंट दहा मिनिटं बंद होतं. हे लोक दर दहा मिनिटांनी येऊन दहा चुका करून जात होते, आणि लॉक व्हायचं माझं.

मी लगेच हुशारी केली, म्हटलं पोर्ट बदलून 3390 करू? तो म्हणाला, दाजी, दाराचा नंबर बदलून चोराला काय फरक पडतो, तो गल्लीतली सगळीच दारं वाजवतो.

मग सुरू झाली आमची कुलूप मोहीम. पहिलं, पासवर्ड. admin ला रिमोटमधून काढलं, प्रत्येकाचं वेगळं साधं अकाउंट काढलं, त्यांना Remote Desktop Users ग्रुपमध्ये टाकलं आणि लांब लांब पासवर्ड दिले, चार-पाच असंबद्ध शब्दांचे. (दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या पोराने तो मॉनिटरवर चिकटवला. काढायला लावला. मग कीबोर्डखाली चिकटवला.)

दुसरं, नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन. रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये त्याची एक टिक असते आणि आमच्याकडे ती मीच काढली होती, कारण एका जुन्या लॅपटॉपवरून कनेक्ट होत नव्हतं. मेहुण्याने जे समजावलं ते मला एकदम पटलं. टिक नसेल तर काय होतं, बेल वाजली की तुम्ही दार उघडता, माणसाला सोफ्यावर बसवता, पाणी देता, आणि मग विचारता, आपण कोण? म्हणजे लॉगिनची अख्खी स्क्रीन त्याच्यासाठी तयार होते, कॉम्प्युटर त्याच्यासाठी राबायला लागतो, नाव विचारायच्या आधीच. टिक असेल तर सेफ्टी डोअरच्या जाळीतून आधी नाव-पासवर्ड विचारायचं, पटलं तरच आत. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं ते याच सोफ्यावरचं, विंडोज ७ सारख्या जुन्या मशीनवर पासवर्ड न देताच घुसता येत होतं, आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हा सपोर्ट संपलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच दिला होता. ज्यांची टिक होती त्यांच्याकडे निदान आधी खरा पासवर्ड तरी लागला असता.

पण जाळीबाहेर उभं राहून दिवसभर नावं सांगत बसणाऱ्याला ही टिक थांबवत नाही, हेही त्याने सांगितलं. त्याचं औषध पुढे होतं. त्याआधी मी एक गोंधळ घातला.

नवीन अकाउंट काढताना एक खूण असते, पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावा. मला वाटलं, वा, किती शिस्तीचं काम. साहेबांच्या अकाउंटला ती लावली. त्या रात्री साडेनऊला साहेबांचा फोन.

"अहो, हा म्हणतोय पासवर्ड बदला."

"मग बदला ना साहेब."

"बदलायला आत जायला पाहिजे ना! आत घेत नाही, म्हणतोय आधी बदला!"

झालं असं की पासवर्ड बदलायची स्क्रीन सोफ्यावर असते, आणि आम्ही सोफ्यापर्यंत येऊ देणंच बंद केलेलं. जाळीतून पासवर्ड बदलत नाही. पासवर्डची मुदत संपली तरी हेच होतं. साहेबांना दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन त्या मशीनसमोर बसून पासवर्ड बदलावा लागला, आणि ते माझ्याशी दुपारपर्यंत बोलले नाहीत.

तिसरं, व्हीपीएन, म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंत फक्त आपल्यासाठीचा बंद बोगदा. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन चालणारा राऊटर घेतला. आता बाहेरून फक्त यूडीपीचा 51820 उघडा, आणि गंमत म्हणजे ज्याच्याकडे ठरलेली किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, नाही पण म्हणत नाही. बाहेरच्याला वाटतं इथे कोणी राहतच नाही. आमच्या सोसायटीतले काही लोक वर्गणीच्या वेळी असेच वागतात.

घरी लॅपटॉपवर किल्ली टाकली, Activate दाबलं, हिरवं झालं, Active. मी बायकोला हाक मारून दाखवलं. पण रिमोट लागेना. मेहुणा म्हणाला, ते हिरवं बघू नका, ते इकडचं बटण चालू आहे एवढंच सांगतं, पलीकडच्याने ओळख दिली की खाली latest handshake ची ओळ येते, ती आहे का बघा. नव्हती. आलेला डेटा शून्य. राऊटरमध्ये या लॅपटॉपच्या जागी दुसऱ्याच लॅपटॉपची किल्ली टाकली होती. ती बदलली, हँडशेक आला.

तरी रिमोट लागेना. ऑफिसचा कॉम्प्युटर 192.168.1.10, पिंग केला तर उत्तर येतंय, मस्त झटपट येतंय, पण रिमोट नाही. तासभर मी फायरवॉलला शिव्या दिल्या. मग ऑफिसशेजारच्या मेडिकलवाल्याचा ग्रुपवर मेसेज आला की सहापासून लाईट नाही. म्हणजे इन्व्हर्टरवर फक्त राऊटर चालू होता, ऑफिसचा कॉम्प्युटर बंद होता. मग उत्तर कोण देतंय?

आमचा टीव्ही. घरचं नेटवर्कही 192.168.1, ऑफिसचंही 192.168.1, राऊटर खोक्यातून येतात तेच बरेचदा असे. लॅपटॉपने शहाण्यासारखं विचार केला की हा पत्ता तर आपल्याच घरात आहे, कशाला लांब जायचं, आणि तो तासभर टीव्हीला टॅली मागत बसला. व्हीपीएन बंद करून पिंग केला असता तर दोन सेकंदात कळलं असतं, कारण टीव्हीने तेव्हाही उत्तर दिलंच असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचं नेटवर्क बदलून 192.168.47 केलं. रिमोट लागलं. प्रिंटर गेला, कारण त्याला कोणी तरी जुना पत्ता हाताने भरून ठेवला होता, पण ती कहाणी वेगळी आणि त्यात माझी चूक नाही.

शेवटचं कुलूप फायरवॉलचं. रिमोट डेस्कटॉपला फक्त व्हीपीएनच्या पत्त्यांवरून येऊ द्यायचं, म्हणजे उद्या कोणी चुकून पोर्ट परत उघडला तरी बिघडत नाही. आमचं व्हीपीएन 10.8.0, आणि कमांड एका ओळीची:

```
Set-NetFirewallRule -DisplayGroup "Remote Desktop" -RemoteAddress 10.8.0.0/24
```

मी ती रात्री घरून, रिमोटनेच आत जाऊन मारली. आणि 10.0.8.0 लिहिलं. एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली, मग कनेक्शन गेलं, मग परत काही आलं नाही. ज्या फांदीवर बसलो होतो तिलाच करवत.

रात्री अकरा वाजता स्कूटर काढली. वॉचमन काका म्हणाले, एवढ्या रात्री काय? मी म्हटलं, कॉम्प्युटरला कुलूप लावताना मीच बाहेर राहिलो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि किल्ली द्यायच्या आधी साहेबांना फोन करून खात्री केली. जाळीतून नाव विचारून मगच आत. मला राग आला नाही, कौतुकच वाटलं.

आकडा दुरुस्त केला. मग मोबाईलच्या डेटावर लॅपटॉप जोडून (ऑफिसच्या वायफायवरून ही तपासणी केलीत तर काही कळत नाही, तुम्ही आधीच घरात असता) व्हीपीएन बंद ठेवून आमच्या पब्लिक आयपीवर Test-NetConnection ने 3389 विचारला, उत्तर False. व्हीपीएन चालू करून 192.168.47.10 वर विचारला, True. इतका गोड False मी आयुष्यात बघितला नव्हता.

आता रोज सकाळी आल्या आल्या मी 4625 बघतो. तीन आठवडे एकही नाही. खरं सांगू, जरा चुकल्यासारखं वाटायला लागलं होतं. आणि काल सकाळी उघडलं तर चार नोंदी! छाती धडधडली. वेळ रात्री ११:४०. पत्ता बघितला, 10.8.0.3. आतलाच माणूस. अकाउंट बघितलं.

केबिनमध्ये जाऊन विचारलं, साहेब, काल रात्री घरून लॉगिन करत होता का?

"करत होतो, चार वेळा बरोबर पासवर्ड टाकला तरी घेईना. तुम्ही परत काही केलं का?"

म्हटलं नाही साहेब, मी काही केलं नाही, जरा तो कॅप्स लॉकचा दिवा बघता का.