2B मध्ये दिसलं म्हणून क्रेडिट मिळत नाही

"बिलावर आपला जीएसटी नंबर असेल आणि ते GSTR-2B मध्ये आलं असेल, तर जेवण, क्लब, घरचं सामान, सगळ्याचं क्रेडिट मिळतं. आत्ता सगळी बिलं टाका, नको ती वर्षाअखेर सीए काढतील."

हा मेसेज मला वेंगुर्ल्याच्या आतेभावाने पाठवला. त्याचा काजूचा छोटा कारखाना आहे. खाली त्याची स्वतःची भर होती, "बिलार आपलो नंबर आसा, मगे क्रेडिट कित्याक सोडूचा?" रत्नागिरीत बसून वर्षानुवर्षं हिशेब लिहितोय मी, आणि घरातच हे!

क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीच्या करातून वजा करणं. आधी 2B, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल बनवून देतं ती क्रेडिटची यादी. त्यात "क्रेडिट उपलब्ध नाही" असा वेगळा भाग असतो, पण तिथे मुख्यतः दोनच कारणांची बिलं पडतात: मुदत संपलेली, आणि पुरवठ्याचं ठिकाण आडवं आलेली. पणजीच्या हॉटेलात राहिलात तर कर गोव्याचा लागतो, आपल्या महाराष्ट्राच्या नोंदणीला तो चालत नाही. ते बिल 2B बाजूला काढतं. पण काही खर्चांचं क्रेडिट जीएसटी कायद्याचं कलम १७(५) अडवतं, आणि ते 2B ओळखतच नाही. पोर्टलला फक्त विक्रेत्याचा नंबर, रक्कम आणि कर कळतो, तुम्ही काय खाल्लंत ते नाही. ती छाननी तुमचीच.

भावाची एका महिन्याची बिलं पाहिली. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी मागवलेलं जेवण ३०,०००, कर १,५००. क्लबची वर्गणी २५,०००, कर ४,५००. फ्रिज ४०,०००, कर ७,२००. एकूण १३,२०० रुपये कर, आणि सगळा क्रेडिटला टाकलेला.

"क्लबात धंद्याच्याच गोष्टी होतात" हे त्याचं उत्तर. होत असतील. पण जेवण आणि क्लब यांच्या बाबतीत कायदा हेतू विचारतच नाही, धंद्यासाठी असलं तरी क्रेडिट अडवलेलंच. त्यामुळे ही दोन बिलं नुसत्या नावावरून बाजूला काढता येतात.

फ्रिजचं तसं नाही. कारखान्याच्या ऑफिसात ठेवला तर क्रेडिट मिळेल, घरी नेला तर वैयक्तिक वापर. बिलावर दोन्हीकडे अक्षर एकच: "फ्रिज, १ नग". मी बिल उलटंसुलटं पाहिलं, तर माल पोचवण्याचा पत्ता त्याच्या घरचा! एप्रिलमध्ये हे विचारलं असतं तर तो हसून सांगून मोकळा झाला असता. मार्चअखेर सीएसमोर फक्त "ऑफिस साहित्य" असं खातं येणार, त्याला स्वयंपाकघर कसं दिसणार? म्हणून खूण नोंद करायच्या आधी, बिल हातात असतानाच व्हायला हवी. मी लाल पेनाने कोपऱ्यात "क्रेडिट नाही" लिहितो आणि शंका असेल तर मालकाला फोन करतो. मग जेवणाच्या खर्चात ३१,५०० आणि क्लबच्या २९,५०० अशी करासकट रक्कम जाते. फ्रिजचे ४७,२०० मालकाच्या उचल खात्यात. किराणा दुकानाच्या एकाच बिलात ऑफिसचे झाडू आणि घरचे तांदूळ असले, तर ओळीनिहाय फोड करायची.

आता नाइलाजाने मान्य करतो, "आधी टाका, मग काढा" यात थोडं तथ्य आहे. ६ जुलै २०२२ च्या परिपत्रक १७० नुसार GSTR-3B या कर भरण्याच्या रिटर्नमध्ये आधी 2B मध्ये उपलब्ध दिसणारं सगळं क्रेडिट तक्ता 4(A) मध्ये दाखवायचं आणि १७(५) चं 4(B)(1) मध्ये वजा करायचं. पण हे दोन्ही त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये, वर्षाअखेर नव्हे. आणि ही मांडणी रिटर्नची आहे, वह्यांची नाही. 4(B)(1) मध्ये काय वजा करायचं हे कळायला वहीत खूण आधीच हवी. ते १३,२०० वापरले गेले आणि दीड वर्षाने सापडले, तर १८ टक्क्यांनी व्याजच ३,५६४. क्रेडिट लेजरात तेवढी शिल्लक तशीच पडून राहिली असेल तर व्याज टळतं, पण काजूच्या मोसमात शिल्लक पडून राहते कुठे?

कॅन्टीनचा अपवाद खरा आहे. कायद्याने बंधनकारक असेल तर क्रेडिट मिळतं, आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कॅन्टीनची सक्ती १०० किंवा जास्त कामगार असतील तरच येऊ शकते; नोव्हेंबर २०२५ पर्यंत कारखाने अधिनियमात ही मर्यादा २५० पेक्षा जास्तची होती. भावाकडे साठ बायका काजू सोलतात. मालवणच्या एका खानावळवाल्याने मला विचारलं, "आम्ही जेवणच विकतो, मग आम्हाला तरी?" एरवी बरोबर, पण तो ५ टक्क्यांनी कर घेतो, आणि त्या दराची अटच क्रेडिट न घेण्याची आहे.

भावाला फोन केला. म्हणाला, फ्रिज परत ऑफिसात आणू का?