रेकमेंडेशन लेटरमध्ये ‘सिन्सियर आणि हार्डवर्किंग’ लिहून काय होतं?

माझी एक जुनी स्टुडंट, बी.एस्सी. फिजिक्सची, बाहेरच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत टीचर ट्रेनिंगला अप्लाय करतेय आणि तिला माझं पत्र हवं होतं. आपल्याकडे इंदूरला बी.एड. म्हटलं की ऑनलाइन काउन्सिलिंग, ग्रॅज्युएशनच्या टक्क्यांवर मेरिट, पत्रबित्र कोणी विचारत नाही, त्यामुळे असं पत्र म्हणजे कॅरॅक्टर सर्टिफिकेटचा मोठा भाऊ असंच बहुतेकांना वाटतं. तिचे बाबा रामबागेत भेटले तेव्हा म्हणालेच, मॅडम, जरा दणकून लिहा, क्लासमध्ये बेस्ट होती वगैरे. मी म्हटलं काका, बेस्ट होती की नव्हती ते मार्कशीटवर छापलेलंच आहे, मी वेगळं काय सांगणार?

हीच तर गोष्ट आहे. सिलेक्शन कमिटीपुढे मार्क असतात, तिने स्वतः लिहिलेलं ‘मला शिक्षिका का व्हायचंय’ पण असतं. त्यांच्याकडे नसतं ते एकच, समोरच्याला एखादी गोष्ट कळत नसते तेव्हा ही मुलगी नेमकं काय करते. ते ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्यानेच सांगायचं. बाकी ‘सिन्सियर, पंक्च्युअल, ऑफ गुड मॉरल कॅरॅक्टर’ हे कुणाच्याही नावाने चालतं, नाव बदललं की पत्र दुसऱ्याचं, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं.

तर मी काय लिहिलं ते सांगते. (पत्र अर्थातच इंग्रजीतून गेलं.)

पहिल्या चार ओळीत मी हिला कुठून ओळखते ते. २०१९ ते २०२२ मी तिला शिकवलं, कुठले पेपर, कुठलं प्रॅक्टिकल, साधारण साठ मुलांची बॅच. हे कोरडं वाटतं पण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं असतं, कारण नुसतं एक सेमिस्टर लेक्चर घेणाऱ्याचं मत आणि तीन वर्षं लॅबमध्ये शेजारी उभं राहिलेल्याचं मत सारखं नसतं.

मग मेन पॅरा, तो एका व्हर्नियर कॅलिपरवर. ती थर्ड ईयरला असताना फर्स्ट ईयरच्या प्रॅक्टिकलला मदतीला थांबायची. एक मुलगी, हिंदी मीडियमची, झिरो एररमध्ये अडकली होती. कॅलिपरचे जबडे बंद केले तर व्हर्नियरचा शून्य मेन स्केलच्या शून्याच्या डावीकडे जात होता आणि सहावी रेघ जुळत होती. म्हणजे एरर मायनस ०.०४ सेंटीमीटर. त्या मुलीने लिहिलं प्लस ०.०६ आणि गोळ्याच्या १.९२ रीडिंगमधून ते वजा करून १.८६ काढलं. खरं उत्तर १.९६, पूर्ण एक मिलिमीटरचा फरक. ही चूक दरवर्षी होते आणि आम्ही प्राध्यापक मंडळी दरवर्षी तोच नियम सांगतो, निगेटिव असेल तर दहातून वजा कर आणि मग मिळव. मुलं पाठ करतात आणि व्हायव्हाला परत उलटं सांगतात.

माझ्या स्टुडंटने नियम सांगितलाच नाही. जबडे बंद करायला लावले आणि हिंदीतच विचारलं, आत काय आहे? काही नाही. मग हा शून्याच्याही मागे का गेलाय? ती मुलगी जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हा कमी दाखवतोय. मग हिने व्हर्नियर अगदी हळू उजवीकडे सरकवायला लावला आणि कुठली रेघ जुळते ते मोठ्याने म्हणायला सांगितलं: सात, आठ, नऊ, दहा, आणि दहाला शून्यावर शून्य. किती पावलं? चार. एका पावलाला ०.०१. म्हणजे हा दरवेळी ०.०४ खाऊन टाकतो, ते परत द्यायचं. पुढे महत्त्वाचं म्हणजे ‘समझ में आया?’ विचारून ती निघून गेली नाही, शेजारच्या टेबलावरचा पॉझिटिव एरर असलेला कॅलिपर आणून दिला आणि आता तू सांग म्हणाली.

मी हे असंच्या असं पत्रात घातलं, कारण ह्यात विषय येणं आणि विषय शिकवता येणं ह्यातला फरक दिसतो. अमेरिकेतले ली शुलमन ह्यांनी १९८६ मध्ये शिक्षकाच्या ज्ञानाचा हा वेगळा प्रकार मांडला, विषयात शिकणारा नेमका कुठे अडखळतो आणि ते कसं मांडलं तर सुटतं हे माहीत असणं, आणि तेव्हापासून टीचर एज्युकेशनवाले तेच शोधत असतात. विशेषण एकही वापरलं नाही, गरजच पडली नाही.

आता जे पाहिलं नाही ते. मी तिला चाळीस पोरांच्या वर्गापुढे कधीच पाहिलेलं नाही, एकेका टेबलाशी पाहिलंय, आणि तेही कॉलेजच्या मुलांसोबत, सातवीच्या नाही. हे सरळ लिहिलं. तिचा आवाज बारीक आहे, सेमिनारला मागच्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तेही लिहिलं, सोबत हेही की दुसऱ्या सेमिनारला ती मधोमध उभी राहून बोलली आणि पोचला. काही कलीग म्हणाले निगेटिव कशाला लिहायचं? अरे पण दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये टीचर ट्रेनिंगचे नियम ठरवणाऱ्या एन.सी.टी.ई.च्या नियमाप्रमाणे वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात, आवाजाचं तिथे पहिल्याच दिवशी कळणार आहे. आधी कळलं तर सुपरवायझर त्यावर काम करून घेईल. लग्न, तब्येत, घरची परिस्थिती मात्र एक अक्षर नाही, चांगल्या हेतूनेही नाही. ‘गरीब घरची आहे, संधी द्यावी’ लिहिणारे खूप आहेत. तिला सांगायचं असेल तर तिच्या अर्जात ती सांगेल, ते माझ्या हातातलं नाही.

पत्रासोबत ऑनलाइन फॉर्म पण होता, टॉप ५ टक्के, टॉप १० टक्के असे रकाने. लोक सरसकट पहिल्यावर टिक करतात. साठच्या बॅचमध्ये टॉप ५ टक्के म्हणजे तीनच जण, हा हिशोब करून भरलं की हात आपोआप थांबतो. समजावून सांगण्यात मी पहिला रकाना दिला, लेखी कामाच्या टापटिपीत मधला, तिची जर्नल मी तपासलीय ना! सगळीकडे पहिला दिला असता तर समजावण्यातल्या टिकलाही काही किंमत उरली नसती.

आणि एक, ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही जी आपल्याकडची पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही. स्टुडंट बिचारा नेटवरचं सॅम्पल उचलतो, मग दोन सरांची दोन पत्रं एकाच भाषेत जातात आणि कमिटीला वेगळं काही सांगायला लागत नाही. शिवाय व्हर्नियरवाला किस्सा तिने स्वतः कधीच लिहिला नसता, तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

तर माझ्याकडे पत्र मागायचं असेल तर कोर्सची लिंक, शेवटची तारीख, मार्कशीट आणि तू लिहिलेलं स्टेटमेंट पाठव, आणि माझ्यासमोर कुणाला काही समजावलं असेल ते आठवत असेल तर दोन ओळी. पत्र मी कॉलेजच्या ईमेलवरून थेट त्यांनाच पाठवणार, तुला दाखवणार नाही. तुझ्याबद्दल मला असं काहीच आठवत नसेल तर मी नाही म्हणेन, राग मानू नकोस, दुसऱ्या मॅडमना विचार, त्यांना आठवत असेल. आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री अकराला व्हॉट्सऍपवर ‘मॅम अर्जंट प्लीज’ तेवढं नको रे बाबांनो.