चंद्राच्या फोटोला ‘रात्रीची सेटिंग’ का नको

चंद्राचा फोटो काढायचा म्हटलं की असा सल्ला मिळतो: “रात्रीचा फोटो आहे, तेव्हा शटर सेकंदभर उघडं ठेवा. चंद्र जितका उजळ, तितके खड्डे स्पष्ट. चकाकी आली तर अ‍ॅपर्चर एफ २२ करा. आणि फोटो पौर्णिमेलाच काढा.”

पण रात्र आपल्याकडे असते. चंद्राच्या ज्या भागाचा आपण फोटो काढतो, तिथे लख्ख ऊन असतं. म्हणून पूर्ण चंद्राला उन्हातल्या खडकाएवढंच, फार तर थोडं जास्त एक्स्पोजर लागतं. जुना ठोकताळा असा: एफ ११ आणि आयएसओ १०० असेल तर शटर १/१०० सेकंद. एफ ८ ला दुप्पट प्रकाश येतो, म्हणून १/२००.

फुल फ्रेम कॅमेरा, ३०० मिमी लेन्स, ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ धरून दोन फोटो ताडून बघा. १/२०० चा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर जरा मंद दिसतो, पण मोठा केला की काळसर सपाट प्रदेशांच्या कडा आणि टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे वेगळे ओळखू येतात. एका सेकंदाच्या फोटोत याच्या दोनशेपट प्रकाश जातो आणि उरते ती पांढरी थाळी. तिथे तपशील नोंदलाच गेलेला नसतो, मग नंतर उजेड कितीही कमी करा. शिवाय सेकंदभरात चंद्र सेन्सरवर पाचेक पिक्सेल सरकतो. ऑटो मोडही असाच फसतो, कारण चौकटीचा ९९ टक्के भाग काळा असतो.

एफ २२ केल्यावर चकाकी कमी होते खरी. म्हणूनच हा सल्ला पटतो! पण कमी होते ती प्रकाश साडेसातपटीने घटल्यामुळे, आणि सेकंदभराच्या शटरला तोही पंचवीसपट जास्तच राहतो. तेच काम शटरचा वेग वाढवून होतं. एफ २२ च्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि या विवर्तनामुळे प्रत्येक बिंदू सुमारे ३० मायक्रॉनचा ठिपका होतो, म्हणजे ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर सात पिक्सेल रुंद. एफ ८ ला तो तीनच्या आत असतो. चौकटीच्या मध्याच्या पलीकडे दुसरा अंधुक चंद्र दिसला, तर तो फिल्टरच्या काचेवरचा परावर्तित प्रकाश. फिल्टर काढा, बस्स. विरळ ढगामुळे आलेल्या वलयावर मात्र कुठलीच सेटिंग चालत नाही.

राहिली पौर्णिमा. तेव्हा ऊन जवळजवळ आपल्या पाठीमागून पडतं, सावल्या दिसत नाहीत आणि विवरं सपाट वाटतात. पांढरे पट्टे हवे असतील तर हीच रात्र चांगली. खड्ड्यांची खोली हवी असेल तर अर्धा चंद्र घ्या आणि उजेड-अंधाराच्या सीमेजवळ बघा. तिथे ऊन तिरपं, म्हणून प्रकाश कमी: १/२०० ऐवजी १/५० पासून सुरुवात करा. त्यात बाहेरची उजळ कड पांढरी पडली, तर तिच्यासाठी १/१२५ चा वेगळा फोटो घ्या.