आली सर, पडला विसर

माझ्या आतेभावाचं इंदुरात छत्र्या-रेनकोटांचं दुकान आहे, कृष्णपुऱ्याच्या छत्रीसमोर. आता बाहेरगावच्या वाचकाला हे वाक्य समजावून सांगायला हवं. कृष्णपुऱ्याची छत्री म्हणजे होळकरांच्या दगडी समाध्या: कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांच्या. इंदुरी माणसाला ‘छत्री’ म्हटलं की आधी तीच आठवते, पावसातली नंतर. दादा पत्ता सांगतो, “छतरी के सामने, छतरी की दुकान,” आणि फोनवरचा माणूस विचारतो, “वो तो समझ गया, पर दुकान किस चीज़ की है?”

तर ह्या दादाने मे महिन्यात मला बोलावलं. ह्या वर्षी जाहिरात करायची, गाण्यासारखी, लोकांच्या तोंडी बसेल अशी. गणेशोत्सवात मंडळासाठी मी चार-दोन कवनं केली आहेत, एवढंच माझं भांडवल. दुसरी पात्रता दादाने स्वतः जाहीर केली. “छत्री विसरणाऱ्याचं मन तुझ्याइतकं कोणाला कळणार? गेल्या दोन पावसाळ्यांत चार छत्र्या हरवल्यास. चारही माझ्याकडच्या.” मानधन म्हणून पाचवी द्यायचं ठरलं. तीन घडीची, आठ काड्यांची.

एफएमवाल्यांची मुलगी आली. जागा दहा-दहा सेकंदांच्या मापाने विकतात, असं तिने सांगितलं. दहा सेकंदांत पंचवीसेक शब्द बसतात, तेही बोलून. गायचे असतील तर त्याच्या निम्मे. त्यातून दुकानाचं नाव आणि पत्ता वजा करा. म्हणजे कवीच्या वाट्याला सात-आठ सेकंद आणि नऊ-दहा शब्द. आमच्या मंडळाच्या आरतीला ह्याहून जास्त वेळ नुसता शंख वाजतो.

रात्री मी वही घेऊन बसलो आणि पहिल्या तासाभरातच मला साक्षात्कार झाला. ‘विसर’ ह्या शब्दात ‘सर’ आहे! पावसाची सर यायची आणि छत्रीचा विसर पडलेला असायचा, हे आपल्या भाषेने आधीच एका शब्दात कोंबून ठेवलंय. मी लिहिलं:

आली सर,
पडला विसर,
छत्री घ्या ना,
लवकर, सर!

शेवटचा ‘सर’ गिऱ्हाइकाला. एका शब्दात पाऊस, विसर आणि साहेब. बोटांवर मात्रा मोजल्या. ‘आली सर’ सहा, पुढे दोन मात्रांचा ठेहराव. ‘पडला विसर’ सात, एक मोकळी. ‘छत्री घ्या ना’ बरोबर आठ. ‘लवकर, सर’ पुन्हा सहा आणि दोन मोकळ्या. प्रत्येक ओळ केरवा तालाच्या एका आवर्तनात चपखल. त्या मोकळ्या मात्रा सर्वांत महत्त्वाच्या, तिथे ऐकणारा श्वास घेतो आणि शब्द त्याच्या डोक्यात उतरतो. एक आवर्तन दोन सेकंदांचं धरलं तर चार ओळींचे आठ सेकंद, आणि दोन सेकंद दुकानाला. छत्रीला आठ काड्या, केरव्याला आठ मात्रा. एक जास्त झाली की मिटत नाही, एक कमी झाली की उलटते. मी सौ.ला उठवून म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे. गॅलरीतले कपडे काढलेत का?”

दादाने मात्र ऐकून घेतलं, दोन मिनिटं मान डोलावली, आणि म्हणाला, “फारच सुंदर. पण माझी गिऱ्हाइकं हिंदीत भिजतात रे.”

ह्यावर उत्तर नव्हतं. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात ही ओळ चालली असती, पण सियागंजचा हमाल आणि राऊचा विद्यार्थी ह्यांना ‘सर’ म्हणजे एकतर डोकं नाहीतर मास्तर. मी ‘सर’ सोडायला तयार नव्हतो. हिंदीतला सर तर हिंदीतला! ‘सर सलामत तो पगड़ी हज़ार’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक. मी पगडी काढून छत्री लावली: ‘सर सलामत, तो छाता हज़ार!’ दादाला इतकं आवडलं की त्याने ते त्याच संध्याकाळी खडूने फळ्यावर लिहून दुकानाबाहेर टांगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही छत्री गेली नाही. लोक थांबायचे, वाचायचे आणि पुढे जायचे. शेवटी एक भिया आत डोकावला. “हज़ार का छाता? सोने की डंडी लगी है क्या?” साडेतीनशेची छत्री माझ्या काव्यामुळे एका रात्रीत हजाराची झाली होती. तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. दुकानाच्या ओळीत आकडा आला की गिऱ्हाईक त्याला भावच समजतं. तिथे म्हण, उपमा, अतिशयोक्ती काही चालत नाही. ‘लाख दुखों की एक दवा’ लिहिलं तरी विचारतील, दवा लाखाची का?

तोवर ध्वनिमुद्रणाची तारीख येऊन ठेपली. स्टुडिओ म्हणजे एका फ्लॅटमधली मागची खोली, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी चिकटवलेलं. रेकॉर्डिस्ट हा पंचविशीतला मुलगा, पण त्याचे कान पन्नास वर्षांचे. माझी मराठी ओळ मी हट्टाने एकदा त्याच्याकडून मुद्रित करवून घेतली, मागे पावसाचा आवाज टाकून. ती ऐकायला वहिनी मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “भजी कोण तळतंय?”

मुलगा हसला. म्हणाला, नेहमीचंच आहे. छोट्या स्पीकरवर पाऊस आणि कढईतलं तेल ह्यांत फरकच कळत नाही, दोन्हीचा आवाज नुसता चरचर. इंदुरात तर ऐकणारा सरळ छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाईल, छत्री घ्यायला नाही. मग त्याने मला बाजूला घेऊन, डॉक्टर घरच्यांना सांगतात तशा आवाजात सांगितलं, “अंकल, असली दिक्कत आपके ‘स’ में है.”

त्याने तीच फीत पुन्हा लावली आणि पावसाचा आवाज हळूहळू वाढवत नेला. ‘आली सर’चं ‘आली अर’ झालं. ‘विसर’चं ‘वि…अर’. स, श, ष ह्या अक्षरांचा आवाज म्हणजे तोंडातून काढलेला सूं-सूं वारा. पावसाचाही तसलाच. दोन्ही एकत्र आले की एकमेकांत विरघळून जातात. प, भ, ट, ड ही अक्षरं ठोकून येतात, म्हणून गर्दीतूनही कानात पोचतात. आता ही जाहिरात रिक्षावरच्या भोंग्यातूनही वाजणार होती, आणि तो भोंगा नेमका पावसात फिरणार! ज्या क्षणासाठी ती ओळ लिहिली त्याच क्षणी ती ऐकू येणार नाही. माझी सर सरीनेच खाल्ली.

दादाकडे वळून तो म्हणाला, “दुकान के नाम में भी दो ‘स’ और एक ‘श’ है. वो भी नहीं सुनाई देगा.” दादा ताठ झाला. “नाव बाबांचं आहे. ते बदलणार नाही.” विषय संपला.

मी तिथेच खुर्चीत बसून ‘स’ नसलेला पाऊस लिहायला घेतला. पहिला प्रयत्न असा: ‘पानी आया, छाता भूले, सर पे ओले, छाता ले ले.’ पुन्हा सर आलाच, सवय लागली होती. पण तो पाडला दादाने, आणि वेगळ्याच कारणाने. ‘ओले’ म्हणजे गारा, आणि गारा इकडे जुलैत नाही पडत. पडतात त्या हरभरा-गहू उभा असताना, आणि सगळं झोपवून जातात. देपालपूरकडचा शेतकरी खत घ्यायला शहरात येतो तेव्हा रेनकोटही नेतो. गारांवर यमक जुळवलेलं ऐकलं तर तो रेनकोट घेणार नाही, कानाखाली देईल.

मग मला आमची स्वतःची खुंटी दिसली, दाराशेजारची. मी भिजत असतो तेव्हा छत्री नेमकी कुठे असते?

पानी आया, छाता भूले!
घर की खूंटी, छाता झूले!

चारही तुकडे पुरते आठ-आठ मात्रांचे, आणि ‘स’ नावाला नाही. मोकळी मात्राही नाही हे मला खटकलं, पण ढोलकवाल्याने मधे दोन थापा टाकून श्वास मिळवून दिला.

आषाढाआधी चाचणी म्हणून माइकवाली रिक्षा सुदामानगरात सकाळी सातला सोडली. ‘पानी आया’ असं भोंगा ओरडला मात्र, गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या, पाण्याच्या मोटरी सुरू झाल्या, बादल्या सरकल्या. इंदूरच्या बऱ्याच गल्ल्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही 70 किलोमीटरवरच्या जलूदहून चढवत आणलेलं. ‘पानी आया’ ह्या दोन शब्दांना इंदुरी गृहिणी जन्मभर नळाशी जोडत आली आहे. त्या दिवशी नळाची पाळी नव्हती. कोरड्या नळाची मोटर फिरवून झाल्यावर दोन बायका रिक्षावाल्याला जे बोलल्या ते माझ्या मात्रांत बसणारं नाही.

रेकॉर्डिस्टने तोड काढली. सुरुवातीला एक सेकंद विजेचा कडकडाट, मग ‘पानी आया’. कडकडाट ऐकला की कोणी नळाकडे बघत नाही, आणि मागून येणारी चरचरही भज्यांची वाटत नाही. वहिनींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “पाऊस.” आम्ही पेढे वाटले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात राजवाड्याहून परत येताना मला गाठलं पावसाने. ऊन होतं, मग नव्हतं, आणि मग समोरचं दिसेना. मी पळत कृष्णपुऱ्याच्या छत्रीत शिरलो. मानधनाची छत्री कुठे होती ते जाहिरातीत आलंच आहे. दगडी खांबांमध्ये आम्ही वीसेक जण अंग चोरून उभे होतो, एक बकरी धरून. तेवढ्यात पुलावरच्या गर्दीत अडकलेली दादाची रिक्षा दिसली. कडाड्! ‘पानी आया, छाता भूले!’

तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा शेजारची शाळकरी पोरं बरोबर गाऊ लागली. पाचव्यांदा एक आजोबा खांबावर ठेका धरून ‘झूले’वर हरकत घेत होते. माझ्या ओळी लोकांच्या तोंडी बसत होत्या, माझ्या डोळ्यांदेखत. आणि प्रत्येक वेळी त्यानंतर दोन सेकंद नुसती चरचर यायची. त्या चरचरीत दादाच्या वडिलांचं नाव होतं.

शेजारच्या माणसाने डोक्यावरची पिशवी नीट करत मला विचारलं, “भिया, गाना तो एक नंबर है. दुकान किधर है?”

मी समोर बोट दाखवलं. रस्ता ओलांडून, पन्नास पावलं, पिवळी पाटी. त्याने पाटीकडे पाहिलं, मधल्या गुडघाभर पाण्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

“वहां तक जाने को तो छाता लगेगा.”